परदेशी भावाच्या राखीसाठी मावशीचे कानमंत्र

अगं पोरी, भाऊ एडिसनला असो की मेलबर्नला, डोंबिवलीतून निघालेली राखी वेळेत पोचते. तेवढ्यासाठी मावशीचं थोडं ऐक. ज्याचं पाकीट उशिरा, त्याचं मनगट रिकामं!

१. राखीपौर्णिमा शुक्रवारी, 28 ऑगस्ट 2026 ला असली तरी अमेरिकेसाठी 27 च धर – आपल्याकडे 28 ला सकाळी पावणेदहाच्या सुमारास पौर्णिमा संपते, तेव्हा न्यू जर्सीत 27 ची मध्यरात्र नुकती उलटलेली असते.

२. साधं टपाल 20 जुलैपर्यंत, स्पीड पोस्ट 6 ऑगस्टपर्यंत आणि कुरिअर 17 ऑगस्टपर्यंत आमच्याकडे दे – अनुक्रमे 3 ते 5 आठवडे, 10 ते 15 दिवस आणि 5 ते 7 कामाचे दिवस धरलेत. साध्या टपालाचा माग काढता येत नाही, म्हणून त्याला सगळ्यात जास्त सवड.

३. ‘चार दिवसांत पोचवतो’ म्हणणाऱ्याला विचार, कस्टमचे दिवस धरलेस का? एडिसनची राखी 6 तारखेला स्पीड पोस्टने दिली, तर अंदाजे 16 ते 21 च्या दरम्यान दारात – विमानाचा वेळ थोडा, मुंबईतली छाननी आणि तिकडची तपासणी हाच खरा खोळंबा. म्हणून वरचा आठवडा हातात ठेवलाय.

४. पाकिटात एक चपटी रेशमी राखी, कुंकवाची पुडी आणि तुझं पत्र. डबीत भाऊ-वहिनीची जोडी. मोठ्या खड्यांची किंवा लोलकांची राखी डबीतच घे – पाकिटात ती फुगते, यंत्रात दाबली जाते आणि खडे निखळतात.

५. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला अक्षता, रुद्राक्ष, तुळशीमणी, वाळलेली फुलं नकोत. तिथली जैवसुरक्षा तपासणी कडक आहे – चार दाणे तांदळाचे सापडले तरी अख्खं पाकीट अडकू शकतं. अक्षता भावाच्या डब्यातल्या तांदळाच्याच होऊ देत.

६. पेढा आठवणीत, राखी पाकिटात! खव्याची मिठाई आम्ही पाठवत नाही – दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्येही टपालाने नेता येत नाहीत. तिथल्याच दुकानातून मागव.

७. कस्टमच्या कागदावर नुसतं ‘भेटवस्तू’ नको, ‘दोऱ्याची राखी, 2 नग’ आणि खरी किंमत लिहू दे – मोघम शब्द दिसला की पाकीट उघडतात. ऑगस्ट 2025 अखेर अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या मालाची करमाफी काढली, तेव्हा डबीवर कर लागला तर कोण भरणार हे आधीच ठरव.

८. पत्त्याबरोबर भावाचा तिकडचा मोबाइल नंबर आणि पोस्टकोड दे. आणि घर बदललंय का, ते आजच विचार.

डबीची जोडी हवी असेल तर 2 ऑगस्टच्या रविवारपर्यंत सांग. त्यानंतर फक्त पाकीट मिळेल.