ब्लॉक केलेलं समोरच्याला कसं कळतं

बचत गटाच्या कामानिमित्त मी झरी जामणी तालुक्यातल्या गावांमध्ये फिरते. हिशेबाची वही मिटली की बायका हळूच फोन पुढे करतात. "ताई, याले बंद करून द्या न." कोणाला बंद करायचं, हे विचारल्याशिवाय मी आता फोनला हात लावत नाही. कारण नकोशा माणसाला दूर ठेवायच्या फोनमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि त्यातली ब्लॉकची वाट समोरच्याला दिसते. आपल्याला वाटतं, आपण गुपचूप दार लावून घेतलं. पण दार लागल्याचा आवाज त्याला ऐकू गेलेला असतो.

आमच्या गटातल्या एका वहिनीचं उदाहरण सांगते. तिची ननंद पैनगंगेपलीकडे, आदिलाबादच्या बाजूला दिलेली. जमिनीच्या वाटणीवरून दोघींचं वाजलं. ननंद रोज लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायची, वहिनी ते ऐकून रडायची. शेवटी वैतागून तिने ननंदेला व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं. त्याच दिवसांत सासूबाई लेकीकडे गेल्या होत्या आणि तिथे त्यांची तब्येत बिघडली. ननंदेने भांडण बाजूला ठेवून वहिनीला मेसेज केले, व्हॉट्सअ‍ॅपवरूनच कॉल केले. इकडे काहीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलत सासऱ्यांचा साधा फोन आला, तेव्हा घरात कळलं.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. वहिनीने ब्लॉक काढला आणि "मला मेसेज दिसलेच नाहीत, रेंज नव्हती" असं कळवलं. पोळ्याला ननंद माहेरी आली आणि तिने फोनच समोर धरला. तीन मेसेज एकाखाली एक: "आईले दवाखान्यात आणलं", "दादाले सांग", "फोन उचल वहिनी". तिन्हींपुढे करडी एकच खूण. त्यांच्याखाली, नंतरच्या मेसेजपुढे, दोन निळ्या खुणा. ननंद एवढंच म्हणाली, "रेंज आली असती तं हेही पोचले असते न."

तिचं बरोबर होतं. फोन बंद असला किंवा रेंज नसली, तर मेसेज व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर थांबतो आणि फोन जाळ्यात आला की पोचतो. मग एका खुणेच्या दोन होतात. ब्लॉकच्या काळात पाठवलेला मेसेज मात्र कधीच पोचत नाही, नंतर ब्लॉक काढला तरीही नाही. पाठवणाऱ्याच्या फोनवर तो एकाच खुणेवर अडकून राहतो आणि त्याच्याखाली नवे मेसेज दोन खुणांनी जात राहतात. कधी ब्लॉक केलं आणि कधी काढलं, याची ती नोंदच होते. शिवाय ती तुमच्या फोनमध्ये नसते, त्याच्या फोनमध्ये असते, म्हणून तुम्हाला पुसता येत नाही.

आपल्या भागात एका खुणेवरून लगेच कोणाचा संशय जात नाही, हे खरं. कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दिवसभर वावरात असते, फोन घरी चार्जिंगला असतो, पावसाळ्यात टॉवर गेला की संध्याकाळपर्यंत सगळ्यांचीच एक खूण. पण माणूस एकाच गोष्टीवरून ठरवत नाही. ब्लॉक झालेल्याला तुमचं शेवटचं ऑनलाइन केव्हा होतं ते दिसत नाही, आता ऑनलाइन आहात का तेही दिसत नाही, स्टेटस दिसायचं थांबतं, आणि फोटोच्या जागी बहुधा नुसती करडी आकृती उरते. व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला तर त्याच्या स्क्रीनवर 'कॉलिंग' राहतं, त्याचं 'रिंगिंग' होत नाही. नव्या ग्रुपमध्ये तुम्हाला घ्यायला गेला तर घेता येत नाही. यातलं एकेक सुटं लक्षण फसवं असतं. व्हॉट्सअ‍ॅपनेच ते मुद्दाम मोघम ठेवलंय, 'तुम्हाला ब्लॉक केलं' असा निरोप कोणालाही जात नाही. पण संशय आला की माणूस शेजारच्याचा फोन मागून बघतो. तिथे तुमचा फोटो दिसला, तिथून मेसेज केला आणि दोन खुणा आल्या, की मोघम काही राहत नाही.

म्हणून ज्यांच्याशी नातं टिकवायचंय किंवा व्यवहार आहे, त्यांच्यासाठी मी ब्लॉक सुचवत नाही. ननंद, जाऊ, व्याही, उधारीवर खत देणारा कृषी केंद्रवाला यांच्यासाठी म्यूट आहे. चॅट दाबून धरा, घंटेवर रेघ असलेलं चिन्ह दाबा. आठ तास, एक आठवडा की कायम, ते तो विचारतो. म्यूट केल्यावर मेसेज येतात, दोन खुणा पडतात, फक्त तुमचा फोन वाजत नाही. समोरच्याला काहीही वेगळं दिसत नाही. चॅट डोळ्यांसमोरही नको असेल तर तिथेच अर्काइव्ह करा. नवा मेसेज आला तरी ते चॅट वर येत नाही, वेगळ्या कप्प्यात राहतं. दिवसातून एकदा निवांत वेळी उघडून बघायचं. त्या वहिनीने एवढंच केलं असतं तर व्हॉइस मेसेजचा ताप टळला असता आणि दवाखान्याचा निरोपही हाती लागला असता.

म्यूटच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. चॅट म्यूट केलं तरी कॉल वाजतो. मेसेज उघडला की निळी खूण जाते, म्हणजे वाचून उत्तर दिलं नाही हे त्याला कळतं. तो जाच वाटत असेल तर सेटिंग्जच्या प्रायव्हसीत जाऊन वाचल्याची खूण बंद करता येते. मग दुसऱ्यांनी वाचल्याचंही तुम्हाला दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये ती खूण चालूच राहते.

म्यूट आणि ब्लॉक यांच्या मधली एक वाट फार कमी जणींना ठाऊक असते. प्रायव्हसीतच शेवटचं ऑनलाइन, फोटो आणि स्टेटस कोणाला दिसावं हे ठरवता येतं, आणि त्यात 'माझे संपर्क, पण यांना वगळून' असा पर्याय असतो. वगळलेल्या माणसाचे मेसेज नीट पोचतात, पण तुम्ही रात्री अकरा वाजता जाग्या होतात का, हे त्याला शोधता येत नाही. माझं तर म्हणणं आहे की भांडण होण्याची वाट न बघता प्रत्येकीने आपला फोटो आणि शेवटची वेळ आधीपासूनच मर्यादित ठेवावी. मग पुढे कोणाला ब्लॉक करायची वेळ आलीच, तर त्याच्या नजरेत फारसं काही नवीन नाहीसं होत नाही.

कॉलेजला वणीला जाणाऱ्या मुली इन्स्टाग्रामबद्दल विचारतात. तिथे 2019 पासून रिस्ट्रिक्ट म्हणून सोय आहे. रिस्ट्रिक्ट केलेला मुलगा तुमच्या फोटोखाली काही घाण लिहितो, ते त्याला दिसतं, तुम्ही मान्य केल्याशिवाय दुसऱ्या कोणाला दिसत नाही. त्याचे मेसेज विनंत्यांच्या कप्प्यात पडतात, वाचले की नाही ते त्याला कळत नाही. त्याला वाटतं सगळं पूर्वीसारखंच चालू आहे. मात्र तुमचे फोटो आणि स्टोरी तो पाहतच राहतो, हे मुलींनी विसरू नये. तिथलं म्यूट उलट्या बाजूचं आहे. त्याने त्याच्या पोस्ट तुम्हाला दिसेनाशा होतात, तुमचं त्याला सगळं दिसतं. आणि ब्लॉक केलं की तुमचं खातंच त्याच्यापुरतं गायब होतं. तो मित्राच्या खात्यावरून शोधतो, खातं सापडतं, आणि त्याला समजतं.

आता ज्या माणसासाठी ब्लॉकच हवं, त्याच्याकडे येते. गटातल्या एका तरुण बाईला ओळखीतला एक इसम रोज रात्री मेसेज करायचा. तिने त्याला ब्लॉक केलं. त्याला त्याच रात्री समजलं आणि मग तो बाकीच्या दारांनी येऊ लागला. गावाच्या योजनांच्या ग्रुपमध्ये दोघंही होते. ब्लॉक केल्याने ग्रुपमधलं काही थांबत नाही, तिचं त्याला आणि त्याचं तिला तिथे दिसतच होतं. तिथे तो तिला टोमणे मारू लागला. साधे फोन येऊ लागले, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरचा ब्लॉक सिमकार्डाच्या कॉलला लागू होत नाही, तो नंबर फोनमध्ये वेगळा ब्लॉक करावा लागतो. मग पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून एक रुपया आला आणि सोबत ओळ होती, "बोलत काऊन नाही?" मग दुसऱ्या सिमवरून मेसेज. इथे तर निम्म्या लोकांच्या फोनमध्ये दोन सिम असतात.

ती बाई घाबरली होती. "ताई, ब्लॉक केलं म्हनून तो चिडला. काढून टाकू का?" मी काढू दिलं नाही. आम्ही आधी पुरावा जमवला. चॅट पुसलेलं नव्हतं, हे फार बरं झालं. ब्लॉक करताना रिपोर्टही केला तर शेवटचे पाच मेसेज व्हॉट्सअ‍ॅपकडे जातात आणि त्याला ते कळत नाही. पण त्याच खिडकीत चॅट पुसण्याची खूण असते. ती आहे का बघा आणि काढा, नाहीतर तुमच्याकडचा पुरावाच जातो. आम्ही चॅट एक्स्पोर्ट करून तिच्या भावाच्या मेलवर पाठवलं. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढले, एक रुपयाच्या व्यवहाराचाही काढला. मग कॉल, व्हॉट्सअ‍ॅप, पैशांचं अ‍ॅप असं एकेक दार वेगवेगळं बंद केलं आणि ग्रुपच्या अ‍ॅडमिनला सांगून त्याला ग्रुपबाहेर काढायला लावलं.

पोलीस ठाण्यात तक्रार देताना तिला कामी आला तो ब्लॉक करण्याआधी तिने पाठवलेला एक मेसेज: "मला तुमच्याशी बोलायचं नाही. पुन्हा मेसेज, फोन करू नका." 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे. बाईने स्पष्ट नकार दाखवूनही पुरुष वारंवार संपर्क करत असेल तर तो त्यात बसतो, आणि पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नुसतं ब्लॉक केलं असेल तर "मला काय माहीत, मला वाटलं रेंज नाही" असं म्हणायला त्याला जागा राहते. लेखी नकार असेल, त्यापुढे दोन खुणा असतील आणि त्यानंतरच्या तारखांचे मेसेज असतील, तर ती जागा राहत नाही. तक्रार दाखल झाल्यावर त्या इसमाचे मेसेज थांबले.

तेव्हा असा कोणी मागे लागला असेल तर आधी एका ओळीत नकार लिहा, तो पोचल्याच्या दोन खुणा पडू द्या, चॅट जपून ठेवा, मगच सगळीकडून ब्लॉक करा. त्यानंतर तो चिडला तरी ब्लॉक काढू नका. जिवाला धोका वाटला तर 112 लावा. बायकांची 181 ही हेल्पलाइन रात्रीही चालू असते.