सरासरी सारखी, पण पाकिटं वेगळी
(चला, हिशेब शिकूया : प्रमाण विचलन)

ताईंनो, सरासरी काढणं आता आपल्या गटांत बहुतेकींना जमतं. सगळ्या आकड्यांची बेरीज करायची आणि जितके आकडे असतील तितक्यांनी भागायचं. पण सरासरी अर्धीच गोष्ट सांगते. उरलेली अर्धी गोष्ट सांगणाऱ्या आकड्याला प्रमाण विचलन म्हणतात. नाव जड आहे, पण काम सोपं आहे. आपल्या ओळखीच्या कामातूनच ते समजून घेऊ.

आपल्या भागात अनेक गट तांदूळ पाकीटबंद करून विकतात. त्यात एचएमटीला चांगली मागणी असते. हे वाण चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलं. समजा, एका गटात दोन जोड्या एक-एक किलोची पाकिटं भरतात. दोन्ही जोड्यांची पाच-पाच पाकिटं उचलून रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून मोजली. वजनं ग्रॅममध्ये अशी आली:

पहिली जोडी : १००१, ९९७, १०००, १००३, ९९९
दुसरी जोडी : १००५, ९८५, १०१५, १०००, ९९५

बेरीज करून पाहा. दोन्हीकडे ५००० येते, म्हणजे सरासरी १००० ग्रॅम. दुसऱ्या जोडीतली ताई म्हणेल, "आमचं वजन तं बरोबरच आहे." सरासरीने पाहिलं तर तिचं खरं आहे. पण गिऱ्हाईक सरासरी घरी नेत नाही, एक पाकीट नेतं. ९८५ ग्रॅमचं पाकीट ज्या बाईच्या हाती गेलं, तिला दुसऱ्या कोणाला १०१५ ग्रॅम मिळाल्याचा काय उपयोग?

कायदा काय पाहतो

पाकीटबंद मालासाठी वैध मापनाचे २०११ चे नियम आहेत. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतात. तपासायला घेतलेल्या पाकिटांची सरासरी छापलेल्या वजनापेक्षा कमी नको, ही पहिली. एकेका पाकिटातली तूट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त नको, ही दुसरी. एक किलोच्या पाकिटाला ही मर्यादा १५ ग्रॅम आहे. दुसऱ्या जोडीचं ९८५ ग्रॅमचं पाकीट अगदी त्या कडेवर आहे. आणि ही तर फक्त पाच पाकिटं. शंभर भरली तर काय होईल? ते सांगायला सरासरी पुरत नाही.

विखुरणं मोजायचं कसं

पाकिटं सरासरीपासून किती दूर पसरली आहेत, ते मोजायचं आहे. म्हणून आधी प्रत्येक वजनातून सरासरी वजा करू. जे उरतं त्याला विचलन म्हणतात. दुसऱ्या जोडीची विचलनं: +५, −१५, +१५, ०, −५.

आता यांचीच सरासरी काढावी असं वाटेल. पण बेरीज केली तर शून्य येते. पहिल्या जोडीचीही शून्यच येईल, कारण सरासरी असतेच अशी की वरची भर आणि खालची तूट एकमेकींना फेडतात. मग वजाचं चिन्ह घालवायला हवं. त्यासाठी प्रत्येक विचलनाला त्याच आकड्याने गुणतात. याला वर्ग करणं म्हणतात. वजा गुणिले वजा अधिक होतं, म्हणून चिन्हाचा प्रश्न मिटतो.

दुसऱ्या जोडीचे वर्ग : २५, २२५, २२५, ०, २५. बेरीज ५००. पाच पाकिटं आहेत म्हणून ५ ने भागलं, आले १००. वर्ग केल्याने आकडे फुगले होते, म्हणून शेवटी वर्गमूळ काढून ते मूळ मापावर आणायचे. साध्या कॅल्क्युलेटरवर √ चं बटण असतं. १०० चं वर्गमूळ १०. म्हणजे दुसऱ्या जोडीचं प्रमाण विचलन १० ग्रॅम.

पहिल्या जोडीची विचलनं : +१, −३, ०, +३, −१. वर्ग १, ९, ०, ९, १. बेरीज २०, भागिले ५ म्हणजे ४, आणि ४ चं वर्गमूळ २. प्रमाण विचलन २ ग्रॅम.

सरासरी सारखी, पण दुसऱ्या जोडीचा पसारा पहिलीच्या पाचपट आहे. जे डोळ्यांना जाणवत होतं, त्याला आता आकडा मिळाला. आणि तो आकडाही ग्रॅममध्येच आहे, त्यामुळे १५ ग्रॅमच्या मर्यादेशी सरळ ताडून पाहता येतो.

कोणी विचारेल, वर्ग कशाला? नुसतं वजाचं चिन्ह पुसून सरासरी काढली तर? तसंही करता येतं. पण वर्ग केल्याने मोठी चूक जास्त बोचते. तीन पाकिटं ५-५ ग्रॅमने चुकली तर वर्गांची बेरीज ७५ होते. एकच पाकीट १५ ग्रॅमने चुकलं तर २२५. एकूण चूक दोन्हीकडे १५ ग्रॅमच. पण भांडण कोणत्या पाकिटावरून होईल, ते आपल्याला ठाऊक आहे.

आकडा हाती आला, आता काय कळतं

बहुतेक पाकिटं सरासरीच्या आसपास आणि थोडी दोन्ही बाजूंना दूर, अशी पसरलेली असतील तर एक ढोबळ नियम लागू पडतो. एका प्रमाण विचलनाच्या आत साधारण दोन-तृतीयांश पाकिटं येतात. दोनाच्या आत शंभरातली ९५ येतात. तीनच्या बाहेर क्वचितच एखादं जातं.

दुसऱ्या जोडीला हे लावू. १००० च्या खाली १५ ग्रॅम म्हणजे दीड प्रमाण विचलन. तितक्या खाली शंभरातली सहा-सात पाकिटं जातील. पहिल्या जोडीला १५ ग्रॅम म्हणजे साडेसात प्रमाण विचलनं. त्यांचं पाकीट तिथवर जाणार नाही, काही मोठीच गफलत झाली तर गोष्ट वेगळी.

मग "सगळ्या पाकिटांत थोडा जास्त तांदूळ घालू," असं दुसरी जोडी म्हणेल. त्याचा खर्च पाहू. पाकीट क्वचितच ९८५ च्या खाली जावं, तर सरासरी ९८५ च्या वर तीन प्रमाण विचलनं हवी, म्हणजे १०१५ ग्रॅम. दर पाकिटामागे १५ ग्रॅम तांदूळ फुकट. हजार पाकिटांमागे १५ किलो. किलोला ५० रुपये धरले तर ७५० रुपये गेले. पहिल्या जोडीला हा खर्च नाही. हात स्थिर असण्याची किंमत अशी रुपयांत मोजता येते.

दोन दुखणी, दोन उपाय

सरासरी चुकणं आणि पसारा वाढणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

समजा, रिकामी पिशवी ६ ग्रॅमची आहे आणि पहिल्या जोडीने ती काट्यावर ठेवून आकडा शून्य केलाच नाही. मग प्रत्येक पाकिटात ६ ग्रॅम तांदूळ कमी पडेल. सरासरी ९९४ होईल, पण प्रमाण विचलन २ च राहील, कारण सगळी वजनं एकत्रच सरकली. यातलं एकही पाकीट १५ ग्रॅमने कमी नाही, तरी सरासरी कमी म्हणून माल अडेल. उपाय सोपा आहे. पिशवी ठेवून काटा शून्यावर आणा.

पसारा वाढण्याची कारणं वेगळी असतात. कधी मापाने भरताना एकदा सपाट तर एकदा शीग लावून माप जातं. कधी काटा डगमगत्या टेबलावर असतो, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने हलतो. कधी काटाच पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने आकडे दाखवतो. कधी आकडा स्थिर व्हायच्या आत पाकीट उचललं जातं. इथे तांदूळ वाढवून भागत नाही, भरण्याची रीत सुधारावी लागते. आधी थोडं कमी भरायचं आणि शेवटचे दाणे चमच्याने टाकत काट्यावर वजन पुरं करायचं, याने पसारा कमी होतो.

फसू नका

एका डब्यातली सहा पाकिटं मोजली : ९८९, ९९०, ९९१, १००९, १०१०, १०११. सरासरी १०००, प्रमाण विचलन जवळपास १०. दुसऱ्या जोडीसारखंच वाटतं. पण नीट पाहा, मधल्या वजनाचं एकही पाकीट नाही. इथे दोन ढीग आहेत. एकीचा हात ९९० वर स्थिर आहे आणि दुसरीचा १०१० वर. दोघींचाही हात डगमगत नाही, दोघींचे काटे वेगळे लागले आहेत. म्हणून आकडा काढण्याआधी वजनं ओळीने लावून डोळ्यांखालून घाला, आणि पाकीट कोणी भरलं हेही वहीत लिहा.

दुसरी गोष्ट, पाच पाकिटं आपण शिकण्यापुरती घेतली. खरा निर्णय करायला निदान २५-३० मोजा. थोड्या पाकिटांवरून सगळ्या मालाचा अंदाज करताना भागाकारही एकाने कमी आकड्याने करतात. म्हणजे पाच पाकिटं असतील तर ४ ने. ५०० भागिले ४ म्हणजे १२५, त्याचं वर्गमूळ सुमारे ११.२. मोजलेली पाकिटं स्वतःच्याच सरासरीच्या जवळ असतात, त्यामुळे पसारा खरा असतो त्याहून जरा कमी दिसतो. ती कसर याने भरून निघते. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या ताईंना दोन सूत्रं दिसतील. `STDEV.P` पूर्ण संख्येने भागतं, `STDEV.S` एकाने कमी. नमुन्यासाठी दुसरं वापरा. पाकिटं तीस झाली की दोन्ही उत्तरांत फारसा फरक राहत नाही.

घरी करून पाहा

तेंदूपत्त्याचा पुडा ७० पानांचा, हे आपल्याला सांगायला नको. पाच पुडे मोजले, पानं निघाली ७०, ६८, ७१, ७३, ६८. सरासरी काढा, विचलनं काढा, वर्ग करा, बेरजेला ५ ने भागा आणि वर्गमूळ घ्या.

उत्तर : सरासरी ७० पानं, वर्गांची बेरीज १८, प्रमाण विचलन सुमारे १.९ पानं. आता सांगा, हिचा हात सुधारायला हवा की मोजणीचा आकडा? गटाच्या पुढच्या बैठकीत उत्तर कारणासह मांडा.