‘दीडपट’ म्हणण्याआधी

वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांचं सांख्यिकी विश्लेषण करून देणं, हे माझं रोजचं काम. काही वर्षांपूर्वी स्त्रियांमधल्या रक्तक्षयाच्या एका पाहणीचे निष्कर्ष मी तालुक्याच्या बैठकीत मांडत होते. गरोदर नसलेल्या ज्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी, तिला रक्तक्षय ‘आहे’, बाकीच्यांना ‘नाही’. अशा हो-नाही उत्तरासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात, तेच मी वापरलं होतं. गरीब गटाचा ऑड्स रेशो आला होता १.५. मी म्हणाले, “गरीब घरातल्या स्त्रियांना रक्तक्षय असण्याची शक्यता दीडपट आहे.”

समोरचे आरोग्य अधिकारी वहीत लिहिता लिहिता थांबले. “म्हणजे मॅडम, सुस्थितीतल्या शंभर बायकांत पन्नास असतील, तर गरीब शंभरांत पंच्याहत्तर धरू ना? लोहाच्या गोळ्यांची मागणी त्या हिशेबाने घालतो.”

माझ्याच तक्त्यात गरीब शंभरांत रक्तक्षय असलेल्या साठ स्त्रिया होत्या. (इथले पाहणीचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.) गणित बरोबर होतं, पण माझं वाक्य चुकीचं होतं. त्या दिवसानंतर जे शिकले ते इथे मांडते.

१. आधी कागदावर चार खणांचा तक्ता मांडा.
गरीब शंभरांत ६० जणींना रक्तक्षय आहे, ४० जणींना नाही. ऑड्स म्हणजे ‘आहे’ भागिले ‘नाही’. ६० भागिले ४०, म्हणजे १.५. सुस्थितीतल्या शंभरांत ५० आणि ५०, म्हणजे ऑड्स १. या दोन ऑड्सचा भागाकार १.५, तोच ऑड्स रेशो. शक्यता काढताना मात्र आपण शंभराने भागतो. ०.६० भागिले ०.५०, म्हणजे १.२. शक्यता दीडपट नाही, सव्वापटीहूनही थोडी कमी आहे. दीडपट आहेत ते ऑड्स. मॉडेल कितीही मोठं असो, मी आजही आधी हा तक्ता हाताने मांडते.

२. आजार जितका सर्रास, तितका ऑड्स रेशो फुगतो.
‘ऑड्स रेशो म्हणजेच किती पट धोका’ ही सवय दुर्मीळ आजारांच्या अभ्यासातून आली, आणि तिथे ती चालते. एका गटात शंभरांत ३ आणि दुसऱ्यात २ रुग्ण असतील, तर शक्यतांचं गुणोत्तर १.५ आणि ऑड्स रेशो १.५२. फरक नगण्य. रक्तक्षय मात्र दुर्मीळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा आजारात ऑड्स रेशोला ‘पट’ समजलं की गडबड ठरलेलीच. ती ओळखायची एक खूण आहे. एखाद्या गटात प्रमाण ७० टक्के असेल आणि दुसऱ्या गटाचा ऑड्स रेशो २ असेल, तर ‘दुप्पट’ म्हणताच १४० टक्के होतात. असं होऊच शकत नाही. खरं उत्तर ८२ टक्क्यांच्या आसपास येतं.

३. ‘१’ कुणाला दिला आणि तुलना कुणाशी केली, हे लिहून ठेवा.
राष्ट्रीय पाहणीच्या फाइलमध्ये रक्तक्षयाचा रकाना v457 आहे. त्यात १ म्हणजे तीव्र, २ मध्यम, ३ सौम्य आणि ४ म्हणजे रक्तक्षय नाही. एका विद्यार्थिनीने घाईत ४ ला ‘हो’ धरलं आणि गरिबीमुळे रक्तक्षयापासून संरक्षण मिळतं असा निष्कर्ष निघाला. ऑड्स रेशो होता ०.६७, म्हणजे १ भागिले १.५. आकडा तोच, फक्त उलटा झालेला. चार खणांच्या तक्त्याशी ताडून पाहिल्यावर पाच मिनिटांत चूक सापडली. आणखी एक सांगते. ०.६७ म्हणजे ‘६७ टक्के कमी’ नव्हे. ऑड्स ३३ टक्क्यांनी कमी.

४. एका वस्तीतल्या वीस स्त्रिया म्हणजे वीस स्वतंत्र साक्षी नव्हेत.
राष्ट्रीय पाहणीत आधी गावं किंवा शहरी वस्त्या निवडतात आणि मग प्रत्येक ठिकाणची २२ घरं. शेजारणींचं पाणी एक, रेशन दुकान एक, जेवणही बरंचसं सारखं. त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकींसारखी असतात. हे न सांगता मॉडेल चालवलं, तर संगणक प्रत्येकीला वेगळी माहिती समजतो आणि नको इतका निर्धास्त होतो. समजा असं केल्यावर १.५ चा विश्वासांतराल १.२ ते १.९ दिसला, तर वस्त्या आणि भार लक्षात घेतल्यावर तोच ०.९ ते २.५ होऊ शकतो. त्यात १ येतो, म्हणजे दोन गटांत फरक नसण्याची शक्यताही उरते. R मध्ये हे असं सांगतात:

```r
library(survey)
des <- svydesign(ids = ~psu, strata = ~strata,
                 weights = ~wt, data = d, nest = TRUE)
m <- svyglm(anemia ~ poor + age + rural, design = des,
            family = quasibinomial())
exp(cbind(OR = coef(m), confint(m)))
```

शेवटच्या ओळीतलं `exp` विसरू नका. मॉडेल ऑड्स रेशोचा लॉगॅरिदम देतं. १.५ ऐवजी ०.४०५ दिसलं, तर ते रूपांतर राहून गेलं आहे.

५. ऑड्स रेशो एकच असला, तरी माणसागणिक फरक वेगळा पडतो.
ज्या गटात रक्तक्षय ५० टक्के आहे, तिथे १.५ मुळे तो ६० होतो. शंभरांमागे दहाची वाढ. ज्या गटात १० टक्केच आहे, तिथे ऑड्स ०.१११, त्याला १.५ ने गुणलं की ०.१६७. परत शक्यतेत आणायला ऑड्सला एक अधिक ऑड्सने भागायचं, म्हणजे १४.३ टक्के. वाढ शंभरांमागे जेमतेम चारची. म्हणून मी आता मॉडेलमधून प्रत्येक स्त्रीची अपेक्षित शक्यता दोनदा काढते, एकदा सगळ्या गरीब आहेत असं धरून आणि एकदा सगळ्या सुस्थितीत आहेत असं धरून. वय, गाव-शहर जसं आहे तसंच ठेवते. दोन्हींच्या भारित सरासरीतला फरक म्हणजे ‘शंभरांमागे किती’. आणि ‘किती पट’ हेच सांगायचं असेल, तर वरच्याच मॉडेलमध्ये `family = quasipoisson()` लिहिलं की थेट प्रमाणांचं गुणोत्तर मिळतं.

६. ‘मुळे’ हा शब्द जपून वापरा.
अशा पाहणीत बोटातून रक्त घेणं आणि घराची स्थिती विचारणं एकाच भेटीत होतं. आधी काय आणि नंतर काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय जंत, पाळीतला रक्तस्राव, थॅलेसेमिया यांबद्दल विचारलंच नसेल, तर मॉडेलमध्ये वय आणि गाव घातल्याने ती उणीव भरून निघत नाही. ‘गरीब गटात रक्तक्षय अधिक आढळला’ इथेच मी थांबते.

त्या अधिकाऱ्यांना मी दुसऱ्या दिवशी फोन करून खरा आकडा सांगितला. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी एकच अट घालते. प्रबंधात ऑड्स रेशो जरूर द्या, पण त्याच्या शेजारी दोन्ही गटांतले शंभरांमागचे आकडे लिहा. गोळ्या शंभरांच्या हिशेबानेच मागवल्या जातात.