वाचकांचे प्रश्न : मिळतेजुळते नाव, मिळतेजुळते वेष्टन

प्रश्न : बौद्धिक संपदा विषयाच्या सरावपरीक्षेतील समस्या अशी आहे. एक उत्पादक बारा वर्षे ‘अन्नगंध’ मसाला पिवळ्या पाकिटात, लाल पट्टा आणि पितळी खलबत्त्याच्या चित्रासह विकतो. नावाची नोंदणी मात्र त्याने केलेली नाही. त्याच जिल्ह्यात एक लहान उद्योग तशाच पाकिटात ‘अन्नसुगंध’ मसाला विकू लागतो आणि मागील बाजूस स्वतःचा पत्ता छापतो. उत्तर कसे मांडावे? – विधी शाखेची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : नोंदणी नसल्यामुळे उल्लंघनाचा दावा चालत नाही, परंतु व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 27(2) ने ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविणाऱ्याविरुद्धचा, हक्क अबाधित ठेवला आहे. या दाव्यात वादीला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : त्याच्या मालाने बाजारात मिळविलेला लौकिक, प्रतिवादीच्या मांडणीमुळे होणारी ग्राहकांची दिशाभूल, आणि त्यातून झालेले किंवा संभवणारे नुकसान.

येथे लौकिक केवळ नावाचा नसून नाव, रंग आणि चित्र यांच्या एकत्रित रूपाचा आहे. ‘अन्न’ आणि ‘गंध’ हे मसाल्याच्या गुणाकडे निर्देश करणारे सामान्य शब्द असल्याने त्यांवर एकट्याची मालकी सांगणे कठीण जाते. म्हणून विक्रीचे आकडे, जाहिरातीचा खर्च आणि दुकानदारांच्या साक्षी यांद्वारे ते रूप पाहताच ग्राहकाला वादीचाच माल आठवतो, हे दाखवावे लागते.

दिशाभूल तपासताना दोन पाकिटे शेजारी ठेवून फरक मोजले जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पार्ले प्रॉडक्ट्सच्या बिस्किट-वेष्टनाच्या खटल्यात (1972) स्पष्ट केल्याप्रमाणे, एका वेष्टनाची ढोबळ आठवण असलेला सामान्य ग्राहक दुसरे पाहून फसेल काय, हा प्रश्न असतो. हा खटला नोंदणीकृत चिन्हाच्या उल्लंघनाचा असला, तरी तुलनेची ही रीत पासिंग ऑफमध्येही लागू पडते.

पत्त्याचा मुद्दा हा या समस्येचा गाभा आहे. दुर्गादत्त शर्मा खटल्यात (1965) न्यायालयाने असे सांगितले की, उल्लंघनात चिन्हाचे मुख्य अंग उचलले गेले असल्यास वेष्टनातील इतर फरक उपयोगी पडत नाहीत, तर पासिंग ऑफमध्ये जोडलेल्या मजकुरामुळे माल पुरेसा वेगळा ओळखू येत असल्यास प्रतिवादी सुटू शकतो. तथापि, फळीवरचे पाकीट पुढील बाजूने पाहून उचलणाऱ्या ग्राहकाला मागचा बारीक पत्ता दिसत नसल्यामुळे येथे हा बचाव दुर्बळ ठरतो; समोर ठळक वेगळे नाव असते, तर निष्कर्ष बदलू शकला असता.

मनाई हुकमासाठी फसविण्याचा हेतू सिद्ध करणे आवश्यक नसते. मात्र वादीचे चिन्ह वापरात असल्याची कल्पना नव्हती, तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते आणि कळताच वापर थांबविला, असे प्रतिवादीने पटवून दिल्यास कलम 135 नुसार केवळ नाममात्र भरपाई मिळते. एकाच जिल्ह्यातील बारा वर्षांच्या विक्रीपुढे असे अज्ञान पटविणे अवघड असल्याने भरपाई किंवा नफ्याचा हिशेब यांपैकी एकाची मागणीही करावी.