आयात शुल्क की आयात कोटा : परवान्याचा नफा कोणाला?

भिवंडीच्या यंत्रमागधारकाला लागणाऱ्या परदेशी सुताचा भाव किलोला 100 रुपये आहे, असे समजा. सरकारने 30 रुपये आयात शुल्क लावले, तर सूत 130 रुपयांना पडेल. समजा 1,000 किलो आयात झाली, तर 30,000 रुपये सरकारी तिजोरीत जमा होतील.

शुल्काऐवजी 1,000 किलोचा कोटा ठरविला, तरी बाजारभाव 130 रुपयेच होईल. मागधारकाचे नुकसान तेवढेच. मात्र ते 30,000 रुपये परवानाधारकाच्या खिशात जातील. परवान्यांचा लिलाव केला, तरच ते सरकारला मिळू शकतात. मागणी वाढल्यास शुल्कपद्धतीत आयात वाढते, कोट्यात मात्र भाव चढतो.

अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रूगर यांनी 1974 च्या लेखात, 1964 मध्ये भारतातील नियंत्रणांमुळे मिळणारा असा नफा राष्ट्रीय उत्पन्नाच्या 7.3 टक्के असल्याचा अंदाज मांडला. त्यात मोठा वाटा आयात परवान्यांचा होता.