डब्याचा धंदा आणि चार रकाने

अगं, डबे सुरू करतेयस ना, तर आधी स्वॉट कर. शिकलेली माणसं त्यावर तासन्‌तास बोलतात, आपल्याला वहीचं एक पान पुरतं. वर दोन रकाने, बलस्थानं आणि उणिवा. खाली दोन, संधी आणि धोके. माझ्या ६० डब्यांवरच सांगते.

१. वर काय नि खाली काय, ते आधी ठरव — वरचं आपल्या स्वयंपाकघरातलं, खालचं उंबऱ्याबाहेरचं. अडलीस तर विचार, ‘मी उद्या डबे बंद केले तरी हे राहील का?’ राहणार असेल तर ते खाली.

२. बलस्थानात ‘चव छान’ लिहून मोकळी होऊ नकोस — वाहवा करून सिलिंडर भरत नाही. पुढच्या महिन्याचे पैसे कोण भरतं ते बघ आणि का ते विचार. माझी गिऱ्हाइकं भाजीपेक्षा मऊ पोळीसाठी आणि वेळेवर येणाऱ्या डब्यासाठी टिकलीत.

३. ‘मे महिन्यात धंदा बसतो’ एवढंच लिहून गप्प बसायचं नाही, ते फोडायचं — कॉलेजला सुट्टी लागते हा धोका, पण ६० पैकी ४५ डबे हॉस्टेलच्या पोरांचे ही माझी उणीव. सुट्टी मला थांबवता येत नाही, गिऱ्हाईक निवडता येतं.

४. धोक्यापुढे रुपये मांड — नाहीतर नुसतीच धाकधूक. माल आणि गॅस वजा जाता डब्यामागे महिन्याला ८०० उरतात. भाडं, पगार मिळून ३०,००० ठरलेले. ६० डब्यांना १८,००० सुटतात, मे महिन्यात १५ डब्यांवर तेवढेच खिशातून जातात. म्हणजे पदरचं घालायचं नसेल तर ३८ डबे हवेतच.

५. ‘मेसही काढावी’ ही संधी नव्हे, ते आपलं मनातले मांडे खाणं — शेजारच्या सोसायट्यांत मुलं परदेशी असलेली म्हातारी जोडपी राहतात, ती संधी. ती मे महिन्यात गावाला जात नाहीत.

६. आता वरचं खालच्याशी जोड, खरं काम इथेच आहे — मऊ पोळी त्या म्हाताऱ्या जोडप्यांना हवीच आहे, म्हणून कमी तिखटाचा डबा काढायचा आणि मे महिन्याची २३ डब्यांची खोट तिथून भरायची. पण वेगळी फोडणी म्हणजे स्वयंपाकाच्या बाईंचा अर्धा तास जादा. तो हिशेबात धर, आणि आगाऊ पैसे देणारी चार घरं मिळाल्याशिवाय दुसरी कढई घेऊ नकोस.

७. बलस्थान कुणाच्या हातात आहे तेही बघ — माझी मऊ पोळी एकाच बाईंच्या हातची, म्हणून ती उणिवांतही लिहिलीय. त्या गावाला गेल्या की पहिलं बलस्थानच गेलं.

८. पान भरताना डबे घासणारीला शेजारी बसव — कुठल्या वारी कुठली भाजी तशीच परत येते, ते तिला आपल्याआधी कळतं.