गिझर उघडण्याआधी मीटर बघ

पोरी, पाणी तापत नाही म्हटलं की दुकानदार कॉइल बदला म्हणतो, प्लंबर गिझरच बदला म्हणतो आणि ट्रिप व्हायला लागलं की सोसायटीचा वायरमन ईएलसीबी खराब आहे म्हणतो. तिघांनीही काही मोजलेलं नसतं. आमच्या धंद्यात आधी मोजायचं आणि मग पान्याला हात लावायचा, असा रिवाज होता. यातलं निम्मं मोजमाप तुला गिझर न उघडताच करता येईल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आधी गिझर खरंच हळू तापवतो का, ते बघ. पुण्यात डिसेंबरात टाकीचं पाणी साधारण २० अंशांना येतं आणि नोव्हेंबरपर्यंत ठीक वाटणारा गिझर एकदम आळशी वाटू लागतो. हिशोब सोपा आहे. तुझ्या गिझरच्या पाटीवर २ किलोवॅट लिहिलेलं असेल, तर एक लिटर पाणी एक अंशाने तापायला दोन सेकंदांहून किंचित जास्त लागतात. १५ लिटरचा गिझर २० वरून ६० अंशांवर न्यायचा म्हणजे १५ गुणिले ४० गुणिले २.१, म्हणजे १२६० सेकंद, म्हणजे २१ मिनिटं. २५ लिटरचा असेल तर ३५ मिनिटं. याच्या आत पाणी तापणार नाही, कॉइल कितीही चांगल्या कंपनीची असो. २१ च्या जागी पंचवीस मिनिटं लागत असतील तर तक्रार करू नकोस. चाळीस लागत असतील तर पुढे वाच.

आता मीटरपाशी जा. घरातलं सगळं बंद कर. फ्रिज आणि इन्व्हर्टर विसरू नकोस, इन्व्हर्टर गुपचूप बॅटरी भरत बसतो. फक्त गिझर चालू ठेव. मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरच्या पाटीवर छापलेला असतो, समज ३२००. दोन किलोवॅटचा गिझर तासाला दोन युनिटं खातो, म्हणजे ६४०० लुकलुकी, म्हणजे मिनिटाला जवळपास १०७. घड्याळ लावून अर्धा मिनिट मोज, त्रेपन्न-चोपन्न यायला हवेत. इतक्या वेगानं डोळ्यांनी मोजताना चुकायला होतं. मोबाइलवर चित्रण करून सावकाश चालवून मोजलंस तरी चालेल.

या एका आकड्यावर पुढचा सगळा तपास ठरतो.

दिवा लुकलुकतच नसेल तर गिझरपर्यंत वीज जात नाही, नाहीतर आतली वाट कुठेतरी तुटली आहे. ते कुठे, ते पुढे सांगतो. अर्ध्या मिनिटाला चाळीस येत असतील तर बहुतेक व्होल्टेज कमी आहे. व्होल्टेज २३० चं २०० झालं की दोन हजार वॅटची कॉइल दीड हजारच ओढते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने उतरते. सकाळी सहा-सातला सगळी इमारत गिझर लावते तेव्हा हे होतं. दुपारी परत मोजून बघ. दुपारी त्रेपन्न आले तर गिझर निर्दोष आहे.

खरी गंमत आकडा बरोबर येऊनही पाणी कोमट राहतं तेव्हा असते. लोक म्हणतात, कॉइलवर क्षार बसला म्हणून वीज वाया जाते. तसं नसतं. मीटरमधून गेलेली वीज टाकीच्या आतच उष्णता होते आणि शेवटी पाण्यातच उतरते, मध्ये क्षार असो वा नसो. क्षाराने नुकसान होतं ते वेगळं. तुमच्याकडे बोअर आणि टँकरचं पाणी आहे, त्यामुळे कॉइलवर पांढरा थर चढतो. थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत असते, ती कॉइलच्या शेजारीच असते. दोन्हींच्या मधली जागा क्षाराने भरली की थर्मोस्टॅटला पाणी तापायच्या आधीच कॉइलची धग लागते आणि तो वीज तोडतो. याची खूण अशी : गिझरचा दिवा पाच-सात मिनिटांतच विझतो, मीटरची लुकलुक थांबते, थोड्या वेळाने टक् आवाज होऊन पुन्हा सुरू होते. बादलीत पहिले दोन तांबे गरम आणि मग एकदम गार. असं असेल तर थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही, कॉइल काढून क्षार साफ करावा लागेल.

लुकलुक वीस मिनिटं सलग चालली आणि तरीही नळाला कोमटच आलं, तर गरम पाण्यात गार पाणी मिसळतंय. गिझरच्या आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद कर आणि नळाची फक्त गरम बाजू उघड. गार पाणी आत ढकललं गेलं तरच गरम बाहेर येतं, त्यामुळे कॉक बंद केल्यावर धार थांबली पाहिजे. थांबली नाही तर बाथरूमच्या एखाद्या मिक्सर नळातून गार पाणी गरमच्या नळीत शिरतंय. तिथे वायरमनचं काम नाही, प्लंबरचं आहे. यातून चांगल्या कॉइली बदलल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता ट्रिपचं. कुठला खटका पडला हे आधी बघ. एमसीबी पडली तर करंट जास्त झाला किंवा तिचा स्क्रू ढिला होऊन ती स्वतःच तापली. दोन किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, पंधरा मिनिटांनी एमसीबी पडत असेल तर प्लगच्या पिना काळ्या झाल्यात का तेही बघ. पण ज्याच्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं तो ईएलसीबी पडला, तर वीज जमिनीत गळते आहे. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडतो. गिझरमध्ये गळती बहुतेक कॉइलमधूनच होते. कॉइल म्हणजे धातूच्या नळीत पांढऱ्या पुडीत गाडलेली तार. क्षाराखाली नळी जास्त तापते, तडकते, आणि पाणी पुडीत शिरतं.

तुमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं उदाहरण घे. त्यांचा गिझर लावला की ईएलसीबी लगेच पडायचा. त्यांनी भिंतीवरचं बटण बंद करून ठेवलं, प्लग तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी इस्त्री लावली तरी ईएलसीबी पडला. मग इस्त्री दुरुस्तीला गेली, नवी आली, तीही लावताच पडला. ईएलसीबी बदलायचं ठरत होतं. भिंतीवरचं बटण फक्त फेज तोडतं, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. गिझरच्या आत न्यूट्रलच्या टोकाजवळ तार नळीला चिकटली होती. इस्त्रीचा करंट परत जाताना थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा गिझरच्या अर्थिंगमधून जायचा, आणि ईएलसीबीला ती गळतीच दिसायची. गिझरचा प्लग काढला आणि इस्त्री चालू झाली. म्हणून ईएलसीबी पडला की बटणावर विसंबू नकोस, प्लग काढ.

प्लग काढल्यावरच पुढची मोजणी करायची, आणि तीही प्लगवरच करता येते. साधा मल्टिमीटर घे, गिझरमधलं पाणी गार असू दे. २०० ओहमवर ठेवून प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये बघ. दोन किलोवॅटच्या कॉइलला सव्वीसच्या आसपास ओहम आले पाहिजेत. काहीच आलं नाही तर कॉइल, थर्मोस्टॅट किंवा कटआउट यांपैकी एक तुटलंय. खालचं झाकण उघडून थर्मोस्टॅटच्या दोन टोकांत मोज, गार असताना तिथे जवळपास शून्य यायला हवं. कटआउटवर छोटं बटण असेल आणि ते बाहेर आलेलं असेल तर दाब. पण ते परत बाहेर आलं तर थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटलेत आणि पाणी उकळतंय असं समज. तेव्हा थर्मोस्टॅट बदलायचा. कटआउटला वायर जोडून काम भागवणारे असतात, त्यांना हात लावू देऊ नकोस. बंद टाकीत उकळत्या पाण्याला दाब सुटायला झडपच उरते, आणि ती क्षाराने तुंबलेली असू शकते.

मग मीटर सगळ्यात मोठ्या रेंजवर ने आणि मोठ्या अर्थिंगच्या पिनेपासून प्रत्येक बारीक पिनेपर्यंत मोज. दोन्हीकडे काहीच यायला नको. वहिनींच्या गिझरला एका पिनेकडून २ ओहम आले आणि दुसऱ्या पिनेकडून २४, बेरीज सव्वीस. तार कुठे चिकटली ते यावरून कळलं. तुझ्या गिझरला दहा मिनिटांनी ट्रिप होतं म्हणालीस, म्हणजे गार असताना मीटर काही दाखवणार नाही. तडा तापल्यावर उघडतो. ट्रिप झाल्या झाल्या प्लग काढून लगेच मोज. पाच-सात हजार ओहम दिसले तर कॉइल गेली. एक मेगाओहमच्या खाली काहीही दिसलं तरी ती मी ठेवणार नाही. काहीच दिसलं नाही तर मात्र निकाल देऊ नकोस. मल्टिमीटर आपल्या छोट्या बॅटरीवर मोजतो, ५०० व्होल्टच्या मेगरला दिसणारी गळती त्याला दिसत नाही. मेगर असलेला माणूस बोलाव.

कॉइल बदलायची झाली तर तेवढ्याच वॅटची घे, रबराचं गॅस्केट नवं घाल, आणि मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर तीही बदलून घे. गरम पाण्याच्या नळाला अखंड धार आल्याशिवाय वीज लावू नकोस, कोरडी कॉइल बघता बघता जळते. थर्मोस्टॅट ६० च्या वर ठेवू नकोस, त्यापुढे क्षार झपाट्याने बसतो.

आणि एक. ट्रिप थांबवण्यासाठी अर्थिंगची वायर सोडतो किंवा गिझर ईएलसीबीच्या आधीच्या लाइनवर घेतो, असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठव. ट्रिप थांबेल, पण गळती तशीच राहील आणि ती नळाच्या पाण्यातून तुझ्या हातापर्यंत येईल.